मारव्याचा आलाप आणि स्वरांचा आयतालेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्वनिमुद्रित आलापातून प्रत्येक क्षणीची स्वराची उंची मोजायची, कोणत्या उंचीवर गळा एकूण किती वेळ राहिला ते मोजून स्तंभांचा आयतालेख काढायचा आणि त्यावरून रागात कोणते स्वर बलवान आहेत ते पाहायचे, अशी ही रीत आहे. येथील उत्तरे मुख्यतः मारवा या एका रागाच्या आधारे दिली आहेत. या रीतीची ताकद आणि तिच्यातले खाचखळगे या रागात जितके स्पष्ट दिसतात, तितके भूप किंवा यमन यांत दिसत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मारवाच का निवडला?

मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच आहेत: षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद. पंचम तिघांतही वर्ज्य आहे. त्यामुळे केवळ कोणते स्वर लागले याची यादी केली, तर हे तीन राग वेगळे करता येत नाहीत आणि कोणत्या स्वरावर किती थांबले हा प्रश्न विचारावाच लागतो. मारव्यात ऋषभ आणि धैवत बलवान असतात, पूरियात गंधार आणि निषाद. शिवाय मारव्यात षड्ज मुद्दाम टाळला जातो; गायक ‘नी रे’, ‘रे नी ध’ असे त्याच्या भोवती फिरत राहतो आणि षड्जावर येतो तेव्हा बराच वेळ वाट पाहायला लावून येतो. बहुतेक रागांच्या आयतालेखात षड्जाचे शिखर आपोआप उंच असते आणि त्यात काही शिकण्यासारखे नसते. मारव्यात मात्र तेच शिखर ठेंगणे निघायला हवे, आणि ते उंच निघाले तर आपल्या मोजणीत काहीतरी चुकले आहे असा संशय लगेच घेता येतो.

मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि कौस्तुव कांती गांगुली यांनी अशा निकटच्या रागांच्या स्वर-वितरणावर काम केले आहे. पूरिया-मारवा ही त्यांनी घेतलेल्या जोड्यांपैकी एक आहे आणि देशकार-भूप ही दुसरी.

कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे?

तबला नसलेला, शक्यतो एकाच गळ्याचा आणि पूर्ण आलाप घ्यावा. ‘पूर्ण’ या शब्दावर भर देण्याचे कारण बढतीच्या पद्धतीत आहे. आलापात एकेक स्वर केंद्रस्थानी येतो आणि मग पुढचा. सुरुवातीची तीन मिनिटे कापून घेतली, तर मंद्र धैवत आणि ऋषभ यांच्याच भोवतीचे काम हाती लागते, आणि गंधार किंवा तीव्र मध्यम या रागात जवळजवळ नाहीतच असे वाटू लागते. ध्रुपदाचा आलाप असेल तर जोड सुरू होण्यापूर्वी थांबावे, कारण जोडात लय येते, एकच स्वर ठेक्याने पुन्हा पुन्हा उच्चारला जातो आणि वेळेच्या हिशेबाचा अर्थ बदलतो.

साथीला हार्मोनियम असेल तर ती मोठी अडचण समजावी. हार्मोनियम गळ्याच्या मागोमाग तेच स्वर वाजवते आणि मोजणी करणारा प्रोग्राम गायक श्वास घेत असताना तिचाच स्वर पकडतो. अशा आलेखात शिखरे १००, ४००, ९००, ११०० सेंट अशा शंभराच्या पटीतल्या ठिकाणी अगदी निमुळती उभी राहतात. गळ्याची शिखरे इतकी काटेकोर नसतात, म्हणून असे दिसले की ती पेटी आहे असे समजून दुसरे मुद्रण शोधावे.

सेंट म्हणजे काय, आणि सरळ हर्ट्झमध्येच स्तंभ का काढू नयेत?

स्वरांचे नाते बेरजेचे नसून गुणोत्तराचे असते. त्याच दोन स्वरांमधले अंतर मंद्र सप्तकापेक्षा मध्य सप्तकात हर्ट्झमध्ये दुप्पट भरते, कानाला मात्र ते एकच वाटते. म्हणून कंपनसंख्येचे षड्जाशी गुणोत्तर घेऊन त्याचे लॉगरिदम काढतात आणि सप्तकाचे १२०० भाग करतात. त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात.

```
cents = 1200 * log2(f / sa)
```

समजा गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे १३८.६ हर्ट्झ आहे, आणि एका क्षणी गळ्याची कंपनसंख्या २३१ हर्ट्झ मिळाली. २३१ भागिले १३८.६ म्हणजे ५/३, आणि त्याचे ८८४ सेंट होतात. हा शुद्ध धैवत झाला, तोही तंबोऱ्याशी मिळून लागलेला, कारण पेटीवरचा धैवत ९०० सेंटवर असतो. त्याच गायकाचा मंद्र धैवत ११५.५ हर्ट्झवर येतो. तो उणे ३१६ सेंट आहे, आणि त्यात १२०० मिळवले की पुन्हा ८८४ मिळतात. सगळी सप्तके अशी एकात दुमडली की एका सप्तकाचा आलेख तयार होतो.

षड्ज कसा ठरवावा? आलेखातले सर्वांत उंच शिखर घेतले तर चालणार नाही का?

मारव्यात तर अजिबात चालणार नाही. येथे सर्वांत उंच शिखर धैवताचे किंवा ऋषभाचे असण्याची शक्यता अधिक आहे. धैवताला षड्ज मानले, तर सगळा आलेख ८८४ सेंटने सरकतो आणि प्रत्येक स्वराला भलतेच नाव मिळते. मारव्यात धैवत षड्जासारखा भासू लागणे हा गाणाऱ्यांच्याही परिचयाचा धोका आहे, त्यामुळे यंत्र फसले तर नवल नाही.

षड्ज तंबोऱ्यावरून हातानेच ठरवावा. गायन सुरू होण्यापूर्वीचे दहा-पंधरा सेकंद केवळ तंबोरा ऐकू येतो. तेवढा तुकडा वेगळा काढून षड्जात मिळवलेल्या जोडीच्या तारांची कंपनसंख्या मोजावी. मारव्यात पंचम वर्ज्य असल्यामुळे पहिली तार सहसा निषादात किंवा धैवतात मिळवलेली असते, हे लक्षात ठेवून कोणती तार मोजत आहोत याची कानाने खात्री करावी. त्यानंतर हीच मोजणी आलापाच्या शेवटी, गायक थांबलेला असताना, पुन्हा करावी. जुन्या फितीवरून घेतलेल्या मुद्रणात फितीचा वेग बदलत जातो, आणि वेगात एक टक्का फरक पडला तरी षड्ज १७ सेंटने सरकतो. आरंभीचा आणि शेवटचा षड्ज पाच सेंटपेक्षा अधिक वेगळा भरला, तर मुद्रणाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा षड्ज द्यावा. सबंध मुद्रण एकाच प्रमाणात चढलेले किंवा उतरलेले असेल तर मात्र काळजीचे कारण नाही, कारण सगळे मोजमाप षड्जाच्या तुलनेत आहे.

प्रत्यक्ष मोजणीसाठी किती प्रोग्रामिंग यावे लागते?

फारसे नाही. पायथनमधून प्रात हा ध्वनिशास्त्राचा प्रोग्राम चालवणारी `parselmouth` ही लायब्ररी घेतली, तर काम एवढ्यात होते:

```python
import numpy as np, parselmouth
from scipy.ndimage import gaussian_filter1d

snd = parselmouth.Sound("marwa_alap.wav")
p = snd.to_pitch_ac(time_step=0.01, pitch_floor=80,
                    pitch_ceiling=400,
                    silence_threshold=0.08,
                    voicing_threshold=0.6)
f = p.selected_array["frequency"]
f = f[f > 0]
c = 1200 * np.log2(f / 138.6)
c = (c + 50) % 1200 - 50
h, edges = np.histogram(c, bins=np.arange(-50, 1151, 10))
h = gaussian_filter1d(h.astype(float), 1.0, mode="wrap")
h /= h.sum()
```

येथे दर शतांश सेकंदाला एक माप घेतले जाते, म्हणजे दहा मिनिटांच्या आलापात ६०,००० मापे. त्यांपैकी जेथे स्वर सापडला नाही तेथे शून्य येते आणि ते आपण वगळतो. ८० ते ४०० हर्ट्झ ही मर्यादा काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या आवाजासाठी आहे: मंद्र गंधार सुमारे ८७ वर आणि तार गंधार सुमारे ३४६ वर येतो. स्त्रीच्या आवाजासाठी दोन्ही आकडे वर न्यावे लागतील. उणे ५० पासून सुरुवात करण्याचे कारण केवळ सोयीचे आहे. शून्यापासून आरंभ केला तर षड्जाचे शिखर मधोमध कापले जाऊन अर्धे आलेखाच्या डाव्या आणि अर्धे उजव्या टोकाला जाते, आणि ते नेमके किती उंच आहे हे डोळ्यांना कळत नाही.

तंबोऱ्याशिवाय इतर वाद्ये असलेले मैफलीचे मुद्रण असेल तर ही साधी मोजणी पुरत नाही. त्यासाठी मिश्र ध्वनीतून मुख्य स्वररेषा शोधणारी पद्धत लागते. एसेन्शिया या लायब्ररीत ती `PredominantPitchMelodia` या नावाने मिळते.

माझ्या मारव्याच्या आलेखात षड्जच सर्वांत उंच आला. मग मारव्याविषयी सांगतात ते खरे नाही का?

माझ्याही पहिल्या आलेखात हेच झाले होते, आणि तोही स्वतः गायलेल्या आलापाच्या आलेखात. मी षड्जावर मोजक्याच वेळा आलो होतो हे मला पक्के ठाऊक होते, तरी स्तंभ उभा होता. कारण तंबोरा निघाले. मारव्याच्या आलापात विराम मोठे असतात. ऋषभावर वाक्य सोडून गायक काही सेकंद गप्प राहतो. या सर्व विरामांत प्रोग्रामला तंबोऱ्याच्या जोडीचा षड्ज स्वच्छ ऐकू जातो आणि तो प्रामाणिकपणे त्याची नोंद करत राहतो. म्हणजे मी जो स्वर टाळत होतो तोच माझ्या शांततेच्या खात्यात जमा होत होता.

हे ओळखण्यासाठी आयतालेख बाजूला ठेवून काळानुसार स्वररेषा काढून पाहावी. गळ्याचा लांब स्वर कितीही स्थिर वाटला तरी जवळून पाहता किंचित डुलतो, त्याला सुरुवातीला चढण असते आणि शेवटी तो थोडा सैल पडतो. तंबोऱ्याचे तुकडे मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ असतात, दर वेळी नेमक्या त्याच उंचीवर येतात आणि वाक्यांच्या मधल्या जागेत बसतात. `pitch_floor` आणखी खाली ठेवला असेल तर कधी ते एक सप्तक खाली, खर्जाच्या तारेवरही दिसतात.

उपाय म्हणजे वरच्या कोडमधला `silence_threshold` वाढवणे. त्यामुळे सर्वांत मोठ्या आवाजाच्या तुलनेत फार लहान असलेला आवाज स्वर म्हणून धरला जात नाही. परंतु हा आकडा फार वाढवला तर मंद्र धैवतावरचे हलके काम, जे या रागाचे खरे वैभव आहे, तेही शांततेत जमा होते. म्हणून आकडा थोडा थोडा वाढवत दर वेळी स्वररेषा पाहावी आणि सरळ तुकडे गेले पण मंद्रातली वाक्ये शिल्लक राहिली, अशा ठिकाणी थांबावे. आलाप स्वतःच मुद्रित करणार असाल तर तंबोरा कानातल्या इअरफोनवर ऐकावा आणि मायक्रोफोनपर्यंत पोहोचूच देऊ नये. पुढचे सगळे श्रम वाचतात.

आलेखात पंचमाच्या जागी काहीतरी दिसते. गायकाने पंचम लावला असे समजावे का?

आधी त्याचा आकार पाहावा. धैवतावरून तीव्र मध्यमावर मींडेने येताना गळा ७०२ सेंटवरून जातोच, त्यामुळे तेथे बुटका, सपाट पट्टा दिसणे स्वाभाविक आहे. मात्र तेथे टोकदार शिखर उभे असेल, तर ते मोजणीच्या चुकीतून आलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे: षड्जाच्या तारेच्या कंपनसंख्येच्या तिप्पट असलेला तिसरा स्वरांश पंचमच असतो, आणि प्रोग्राम मूळ स्वर सोडून तोच पकडू शकतो. तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो तोही असाच पाचव्या स्वरांशामुळे, आणि त्याची भर गंधाराच्या शिखरात पडू शकते; पण गंधार रागात असल्यामुळे ती चूक लपून राहते. वर्ज्य पंचमाची चूक लपत नाही. म्हणून मी मारव्याचा आलेख हाती आला की सर्वांत आधी ७०० सेंटच्या आसपास पाहतो, मग इतर स्वरांकडे वळतो.

कप्पे किती रुंद ठेवावेत?

कोणता स्वर बलवान आहे एवढेच पाहायचे असेल, तर दहा सेंटचे कप्पे आणि त्यावर थोडेसे गुळगुळीतकरण पुरेसे आहे. शंभर सेंटचे बारा कप्पे करण्याचा मोह होतो, पण त्यात एक सापळा आहे. ० ते १००, १०० ते २०० असे कप्पे केले, तर ९० ते ११५ सेंटच्या दरम्यान वावरणारा कोमल ऋषभ बरोबर सीमेवर सापडतो आणि त्याचा वेळ दोन कप्प्यांत वाटला जातो. ज्या स्वराला मारव्यात वादी मानतात, तोच अशा आलेखात दुबळा दिसतो.

उलट दिशेचा सापळा `librosa` वापरणाऱ्यांना भेटतो. तिच्यातील `pyin` हे फंक्शन मूळ मांडणीत कंपनसंख्या दहा-दहा सेंटच्या पायऱ्यांवरच देते. त्यावर पाच सेंटचे कप्पे केले की एकाआड एक कप्पा रिकामा राहतो आणि आलेख फणीसारखा दिसतो. एका वाचकाने हे दात श्रुती असल्याचे मानून मला लांबलचक पत्र लिहिले होते. `resolution` हा आकडा कमी केल्यास पायऱ्या बारीक होतात, मात्र मोजणीला बराच अधिक वेळ लागतो.

शिखराची उंची पाहावी की त्याखालचे क्षेत्रफळ?

क्षेत्रफळ. एखादा स्वर स्थिर लावला तर त्याचे शिखर उंच आणि निमुळते होते. तोच स्वर तितकाच वेळ आंदोलन देऊन लावला तर शिखर बसके आणि पसरट होते. दोघांची उंची तुलनेला घेतली तर आंदोलित स्वरावर अन्याय होतो. म्हणून प्रत्येक स्वराच्या शिखराभोवती दोन्ही बाजूंना साधारण ३५ सेंटपर्यंतचे सर्व कप्पे मिळवून त्या स्वराचा वाटा काढावा. शिखर स्वतः कोठे आहे हे आलेखातून घ्यावे, पुस्तकातल्या गुणोत्तरातून नव्हे. गायकाचा धैवत ८८४ ऐवजी ८९५ वर असेल तर मोजणीचा मध्य ८९५ वरच असला पाहिजे.

एखाद्या स्वरावर बराच वेळ गेला म्हणजे तो न्यासाचा स्वर झाला का?

तसे म्हणता येत नाही. मारव्यात तीव्र मध्यम ‘ध म ग रे’ या उतरणीत वारंवार लागतो आणि त्याचे लहान लहान स्पर्श जमून बऱ्यापैकी शिखर तयार होऊ शकते, पण त्यावर गायक वाक्य संपवत नाही. आयतालेखाला आठ सेकंद धरलेला एक धैवत आणि पाव-पाव सेकंदाचे बत्तीस धैवत यांतला फरक समजत नाही.

यासाठी दुसरा आलेख काढावा, आणि तो फक्त थांबलेल्या स्वरांचा असावा. स्वररेषेचे असे तुकडे शोधावेत, ज्यांत गळा किमान पाव सेकंद ३० सेंटच्या पट्ट्यात राहिला आहे. बाकीची मापे, म्हणजे मींड, कणस्वर आणि स्वरांमधले प्रवास, वगळावीत. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की खरी माहिती मिळते. पहिल्या आलेखाच्या तुलनेत दुसऱ्यात ज्या स्वराचा वाटा वाढतो तो थांबण्याचा स्वर, आणि ज्याचा घटतो तो वाटेतला. माझ्या त्याच आलापात तंबोऱ्याची भेसळ काढून हे केल्यावर धैवत आणि ऋषभ आणखी वर गेले आणि मध्यम जवळजवळ झोपला. पाव सेकंद आणि ३० सेंट हे आकडे मी निवडलेले आहेत. ते थोडे बदलूनही क्रम तोच राहतो ना, हे प्रत्येकाने आपल्या मुद्रणावर तपासावे.

आलेखातून वादी आणि संवादी सिद्ध करता येतात का?

वेळेच्या वाटणीशी वादी-संवादी ताडून पाहता येतात, त्यापुढे जाता येत नाही. पूरियात गंधार आणि निषाद यांच्यात ३८६ ते १०८८ असे ७०२ सेंटचे, म्हणजे नेमके षड्ज-पंचम भावाचे अंतर आहे. मारव्यात वादी ऋषभ आणि संवादी धैवत मानतात, आणि त्यांच्यातले अंतर ११२ ते ८८४ असे ७७२ सेंट भरते. ना पंचम, ना मध्यम. ही विसंगती शास्त्राच्या पुस्तकांत पूर्वीपासून चर्चिली गेली आहे. आलेख त्यावर निकाल देत नाही, पण परस्परांशी न जुळणारे हे दोन स्वरच आलापाचा बहुतांश वेळ खातात हे तो दाखवतो, आणि मारवा ऐकताना जी अस्वस्थता वाटते तिचे निदान अर्धे कारण तेथे असावे असे मला वाटते.

आलेखात काय कधीच दिसणार नाही?

क्रम. संपूर्ण मुद्रण उलटे वाजवून मोजले तरी आयतालेख जवळजवळ तोच येईल, आणि उलटा वाजलेला मारवा हा मारवा नव्हे. तसेच षड्जाचे ठेंगणे शिखर एवढेच सांगते की तो कमी वेळ लागला. पाच मिनिटे हुलकावणी देऊन लागलेला षड्ज आणि सहज जाता जाता लागलेला षड्ज हे दोन्ही स्तंभात सारखेच भरतात.

सोहनीचा आलेख मारव्यासारखाच दिसतो. आता काय करावे?

सप्तके दुमडू नयेत. सोहनी उत्तरांगात आणि तार षड्जाच्या आसपास खेळते, मारव्याचे पुष्कळ काम मंद्र आणि मध्य सप्तकांत होते. धैवत दोघांतही बलवान असल्याने एका सप्तकात दुमडताच हा भेद पुसला जातो. वरच्या कोडमधली `% 1200` असलेली ओळ काढावी, `bins` ची मर्यादा उणे १२०० ते २४०० करावी आणि गुळगुळीतकरणातील `mode="wrap"` बदलून `mode="constant"` करावे. मात्र दुमडलेल्या आलेखात निरुपद्रवी असलेली एक चूक येथे बोचते: प्रोग्रामने मध्य धैवताचे २३१ हर्ट्झ निम्मे करून ११५.५ धरले, तर न गायलेला मंद्र धैवत आलेखात उभा राहतो. स्वररेषेत क्षणात नेमकी १२०० सेंटची उडी आणि तितक्याच तडक परत, असे दिसले की ती गळ्याची करामत नसून मोजणीची चूक आहे. तेवढी मापे हाताने काढून टाकावीत.